स्टीमचा कोड परदेशात येत नाही: निघण्याआधी काय करून ठेवावं

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये पुण्याहून म्युनिकला शिकायला जातोय. जायच्या आधी नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचा विचार आहे. गेम विकत घेतो त्या स्टीमचं खातं त्याच नंबरावर आहे. तिकडे कोडचे मेसेज येत नाहीत असं ऐकलं, काय करून ठेवू?

उत्तर: पोर्ट करायचंच असेल तर विमानाच्या किमान दोन आठवडे आधी उरका. मेसेजवरून `PORT` आणि पुढे आपला दहा आकडी नंबर लिहून 1900 वर पाठवला की पोर्टिंग कोड येतो. महाराष्ट्रात तो 4 दिवस चालतो. त्याच सर्कलमध्ये बदलायला 3 कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमधून आणायचा असेल तर 5. सिम हरवलं किंवा ई-सिम केलं म्हणून नुसतं सिम बदललंत, तरी पहिले 24 तास एसएमएस बंद असतात. फसवणूक टाळायला केलेला हा नियम आहे, बिघाड नव्हे. नेमका प्रवासाच्या आदल्या दिवशी सिम बदलणारे यात हमखास अडकतात.

पोर्टनंतरची दुसरी अडचण जास्त चकवते. परदेशी कंपनीचा मेसेज मधल्या एक-दोन एजन्सींच्या हातून भारतात येतो. त्यातल्या एखादीकडे तुमचा नंबर अजून जुन्याच कंपनीचा म्हणून नोंदलेला असेल, तर मेसेज तिकडे जातो आणि तिथेच विरतो. ओळखायची खूण सोपी आहे: बँकेचा ओटीपी लगेच येतो, मित्रांचे मेसेजही येतात, फक्त बाहेरच्या कंपन्यांचे कोड येत नाहीत. असं दिसलं तर फोन वारंवार बंद-चालू करून काही होत नाही. नव्या मोबाइल कंपनीकडे तक्रार करताना कोणाचा मेसेज, किती वाजता मागवला होता ते नेमकं सांगा, आणि स्टीम सपोर्टलाही तेच कळवा. पुण्यात असतानाच हे तपासून घ्या, म्हणून तर दोन आठवडे म्हटलं.

पण मुळात स्टीमला रोजच्या लॉगिनसाठी एसएमएस लागतच नाही, आणि तुमच्या तयारीचा भर यावरच हवा. स्टीमच्या मोबाइल अॅपमधलं स्टीम गार्ड चालू केलं की पाच अक्षरांचा कोड फोनवरच तयार होतो आणि दर 30 सेकंदांनी बदलतो. त्याला सिम लागत नाही, नेटवर्कही नाही. फोनचं घड्याळ मात्र आपोआप वेळ घेणारं ठेवा. अॅपच्या स्टीम गार्ड विभागात `R` ने सुरू होणारा रिकव्हरी कोड असतो, तो कागदावर लिहून पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा. त्याचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवून उपयोग नाही, फोन गेला की तोही गेला.

एसएमएस खरोखर अडवतो तो अॅप नव्या फोनवर हलवताना. तिथे पोचून नवा फोन घेतला, जुना इथेच धाकट्या भावाला दिला आणि भारतातलं सिम बंद पडलं, की कोड जायला जागाच उरत नाही. अशा वेळी तो `R` कोड वापरून जुन्या फोनवरचं स्टीम गार्ड काढता येतं. नवं लावल्यावर पहिल्या 7 दिवसांत केलेले ट्रेड, म्हणजे गेममधल्या वस्तूंचे व्यवहार, 15 दिवसांपर्यंत रोखले जाऊ शकतात, पण खातं हातात राहतं. `R` कोडही नसेल तर खातं तुमचंच आहे हे सपोर्टला पटवावं लागतं. त्यासाठी जुन्या खरेदीचे कार्डाचे तपशील आणि खात्याचा ईमेल जपून ठेवा.

म्हणून क्रम असा ठेवा. भारतातलं सिम आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करूनच न्या आणि प्लॅनची वैधता निदान दोन महिने पुढची ठेवा. एसएमएसला मोबाइल डेटा लागत नाही, त्यामुळे डेटा रोमिंग खुशाल बंद ठेवा, पण ते सिम फोनच्या सेटिंगमध्ये चालू असलं पाहिजे आणि त्याला जर्मन नेटवर्क पकडलेलं दिसलं पाहिजे. जर्मन सिम मिळालं की पहिल्याच आठवड्यात, जुनं सिम आणि जुना फोन दोन्ही जिवंत असताना, स्टीमच्या खात्यातला फोन नंबर बदला. तिथे नंबर 0 ने सुरू होतो. +49 निवडल्यावर तो शून्य गाळायचा, नाहीतर कोड कुठेच पोचत नाही. इंटरनेटवर चालणारे फुकट नंबर स्टीम घेत नाही, त्यांत वेळ घालवू नका. नंबर बदलल्याने स्टोअरचा देश किंवा वॉलेटचं चलन बदलत नाही, त्या भीतीने थांबू नका.

कोड मागवून आला नाही तर लगेच पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. नवा मागवला की आधीचा बाद होतो, आणि उशिरा आलेल्या तीन मेसेजांतला चालणारा कोणता हे कळत नाही. पाच-दहा मिनिटं थांबा, मग विमान मोड चालू-बंद करून एकदाच मागवा.

भारतातला नंबर कायमचा सोडायचा असेल तर तो स्टीममधून काढल्यानंतरच सोडा. 90 दिवस वापर झाला नाही आणि सिमच्या बॅलन्समध्ये 20 रुपयेही उरले नाहीत, तर तो बंद होऊन पुढे दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, आणि मग तुमचे कोड त्याच्या फोनवर जातील.