गुजराती वाचताना: दंड कुणाचा, काना कुणाचा?

प्रश्न: शेजाऱ्यांकडून गुजराती लग्नपत्रिका आली. निम्मी अक्षरं ओळखीची वाटली, पण शब्द काही लागेना. देवनागरी येणाऱ्यानं ही लिपी पटकन शिकायची तर सुरुवात कुठून करावी?

मुळाक्षरांच्या तक्त्यापासून करू नका. तक्त्यात अक्षरं सुटी असतात, आणि तुमची अडचण सुट्या अक्षरांची नाहीच. मराठीत शिरोरेषा शब्दाला एकत्र बांधते. ती काढली की अक्षराचा कुठला तुकडा कुणाचा, तेच कळेनासं होतं.

पुण्यात हा शब्द कुणालाही चुकणार नाही, म्हणून तोच घेऊ: ગણેશ. यात तीन उभे दंड दिसतील आणि मराठी डोळा त्यांना तीन काने समजेल. प्रत्यक्षात काना एकही नाही. ग, ण आणि श ही अक्षरं देवनागरीतही दोन तुकड्यांचीच आहेत. डावा भाग आणि उजवा दंड यांना जोडते ती फक्त वरची रेघ. गुजरातीत रेघ नाही, त्यामुळे दंड सुटा पडतो. आता ગાડી पाहा. ग च्या आकड्यानंतर दोन दंड आहेत: पहिला ग चा स्वतःचा, दुसरा काना. म्हणजे या तीन अक्षरांपुरता नियम असा, की पहिला दंड अक्षराला द्यायचा आणि उरला तर काना मानायचा. दंड मुळीच नसेल तर अक्षर अर्धं आहे, जसं યોગ્ય मध्ये ग. हे मराठीसारखंच.

एवढं बसलं की गावांची नावं वाचायला घ्या. नाव आधीच माहीत असतं, त्यामुळे अनोळखी अक्षर आपोआप उलगडतं. સુરત, વાપી, નવસારી, વડોદરા ही चार नावं रेघ पुसलेली देवनागरी समजून वाचता येतात. વડોદરા मध्ये फक्त ड आणि द जरा गोलसर वाटतील. मग एकेक नवं अक्षर देणारी नावं घ्या. વલસાડ मध्ये ल भेटतो. ભરૂચ मध्ये भ आणि च, शिवाय रू चा खास आकार. मराठीतही रू इतरांसारखा नसतोच. રાજકોટ मध्ये ज आणि क. હાલોલ सोपं आहे, पण ખંભાત ला थांबा, कारण ख चा आकार आपल्या ख सारखा नाही. (आपला ख तरी कुठे सरळ आहे, घाईत लिहिला की ‘रव’ होतो.) બીલીમોરા तून ब मिळतो. જામનગર मध्ये ज ला काना नेहमीसारखा शेजारी उभा न राहता अक्षरालाच चिकटतो. જી चंही तसंच. या दोन जोड्या चित्र म्हणूनच लक्षात ठेवाव्यात. झ, फ, ळ आणि इ-ई उरतात, ती पत्रिका वाचता वाचता येतील.

અમદાવાદ मधला अ एकदा ओळखला की आणखी चार स्वर हातात येतात, कारण ए, ऐ, ओ, औ हे अ वरच मात्रा देऊन लिहितात: એ, ઐ, ઓ, ઔ. सावरकरांच्या लिपिशुद्धीतली ‘अ’ची बाराखडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ‘अे’ खटकणार नाही. फरक इतकाच की गुजरातीत इ आणि उ यांचे आकार स्वतंत्रच आहेत.

रेघ नसल्याचा खरा तोटा ઘ आणि ધ या जोडीत होतो. मराठीत ध च्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते आणि घ ची अखंड, त्यावरून आपण नकळत भेद करतो. ती खूणच इथे नाही. ઘર आणि ધન मोठ्या टाइपात शेजारी ठेवून डावीकडचा वरचा भाग निरखा. भ आणि म यांचीही मराठीत हीच अडचण, पण गुजराती ભ चा आकारच निराळा असल्यानं ती इथे सुटते.

पत्रिकेत तारीख अंकांत असेल तर आणखी एक फसगत संभवते. दोनचा अंक ૨ आणि र हे अक्षर जवळजवळ सारखे, तसंच पाचचा ૫ आणि प. ‘૨૫’ हे ‘रप’ असं वाचलं जातं. शेजारी महिन्याचं नाव किंवा दुसरा अंक आहे का, एवढं पाहिलं तरी उलगडा होतो.

लिहायलाही शिकायचं असेल तर रेघेचा हात आवरावा लागेल. अक्षराच्या वर सवयीनं ओढलेली आडवी रेघ गुजराती वाचणाऱ्याला मात्रेसारखी भासू शकते. त्यामुळे रेघी वहीची ओळ अक्षराच्या माथ्याशी न ठेवता पायाशी धरून लिहा.