पेपर कोणी टाकलाय ते विचारू नका, काम विचारा

प्रश्न: मेकॅनिकल, ३ वर्षं अनुभव. जाहिरात न आलेल्या जागा कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांकडून कशा कळतात? अनोळखी सीनियर्सना पिडायचं नाहीये. आणि वशिलाही नकोय.

उत्तर:

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. माझे एक साडू आहेत. मी चाकणला लागून बरीच वर्षं झाली, तरी बारसं असो की मुंज, पंगतीत त्यांचं वाक्य ठरलेलं: "ह्यांचं काय, ह्यांना सीनियरने चिकटवलं." वाढप्यापासून सगळे हसतात. तिथे भांडता येत नाही, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

मी तेव्हा कोल्हापूरला, शिरोलीच्या एका मशिनशॉपमध्ये क्वालिटीत होतो. फाउंड्रीतून कास्टिंग यायची, आम्ही मशिनिंग करून पुण्याच्या कंपन्यांना द्यायचो. ग्राहकाचं ऑडिट, पीपीएपीच्या, म्हणजे ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घ्यायच्या फायली, रिजेक्शन आलं की रात्री गाडी काढून सॉर्टिंगला जाणं, हे सगळं माझ्याकडे. मला टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जायचं होतं, म्हणजे ग्राहक कंपनीत सप्लायरचा माल बघणाऱ्या सप्लायर क्वालिटीत. साइटवर या जागा दिसायच्या, अर्ज टाकायचो, पुढे काही नाही.

याचं कारण मला नंतर आत गेल्यावर कळलं. जागा बहुतेक वेळा कुणीतरी पेपर टाकला, म्हणजे राजीनामा दिला, की निघते. नोटीस पिरियड दोन-तीन महिन्यांचा, त्यामुळे टीमला पहिल्याच दिवशी टपरीवर कळतं, पण बाहेर काहीच दिसत नाही. मॅनेजर रिप्लेसमेंटची मंजुरी मागतो. ती आली की मोठ्या कंपनीत जागा आधी आतल्या आत फिरते, दुसऱ्या प्लांटमधून कुणी येतंय का बघायला. त्याला आयजेपी म्हणतात. तिथे कुणी मिळालं नाही तर कर्मचाऱ्यांना रेफरलचा, म्हणजे माहितीतला माणूस सुचवा असा मेल जातो, मग माणसं शोधून देणाऱ्या कन्सल्टंटला सांगतात, आणि सगळ्यात शेवटी साइटवर टाकतात. क्रम कंपनीनुसार थोडा इकडेतिकडे होतो, पण साइटवर तुम्हाला दिसते तोवर त्या जागेसाठी दोन-तीन माणसं बघून झालेली असतात. एचआरला आधी विचारून उपयोग नाही, मंजुरीशिवाय त्यांना बोलता येत नाही. माहीत असतं ते पेपर टाकणाऱ्याच्या शेजारच्या टेबलावरच्याला. तोच तुमचा माणूस, आणि तो कॉलेजचा असेल तर बोलायला निमित्त मिळतं.

लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा टॅब असतो. तिथे कंपनी, शहर आणि कामाचा प्रकार लावून यादी बारीक करता येते. मी डायरेक्टर, व्हाइस प्रेसिडेंट सोडून दिले. त्यांना खालच्या जागेचा पत्ता नसतो, आणि त्यांना असे मेसेज रोज येतात. मला हवं होतं तेच काम करणारा, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षं पुढचा माणूस शोधला. असे एक सीनियर सापडले. कधी भेट नव्हती, बॅचही वेगळी. त्यांना साधारण असं लिहिलं:

"सर, मी आपल्याच कॉलेजचा, मेकॅनिकल. शिरोलीत मशिनशॉपला क्वालिटी बघतो, एसजी आयर्न कास्टिंगचं मशिनिंग. पुढे सप्लायर क्वालिटीत यायचं आहे. आपल्याकडे या कामाला बाहेरून माणूस घेताना फाउंड्रीची माहिती जास्त बघतात की सिस्टिम ऑडिटचा अनुभव? दोन ओळींत सांगितलंत तरी पुरे. वेळ नसेल तर राहू दे."

यात नोकरी मागितलेली नाही, सीव्ही जोडलेला नाही. प्रश्न असा आहे की त्याचं उत्तर तेच देऊ शकतात, आणि जेवायच्या सुट्टीत देऊ शकतात. "सर, काही ओपनिंग असेल तर सांगा" याला उत्तर द्यायचं तर समोरच्याला आधी तुम्ही कोण, काय येतं, कुठे बसाल, हे सगळं स्वतः शोधावं लागतं. तो ते करत नाही, आणि नाही म्हणायला संकोच वाटतो म्हणून गप्प बसतो. पिडणं म्हणतात ते हे. उत्तर नाही आलं तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करावी, मग सोडून द्यावं. आणि एका कंपनीतल्या सहा जणांना एकच मजकूर एकाच दिवशी पाठवू नका. ते एकत्र जेवायला बसतात.

सीनियरचा शनिवारी संध्याकाळी फोनच आला. फाउंड्रीवर बोलणं झालं, आणि शेवटी तेच म्हणाले, "आमच्याकडे कास्टिंग बघणाऱ्याने पेपर टाकलाय. आयजेपी चालू आहे. पुढच्या पंधरवड्यात रेफरल उघडेल असं वाटतं. तोवर एक कर, आमच्या कंपनीसाठी कुठल्याही कन्सल्टंटला सीव्ही देऊ नकोस."

हे वाक्य सोन्यासारखं होतं. खरंच त्याच आठवड्यात एका कन्सल्टंट बाईंचा फोन आला, चाकणच्या मोठ्या कंपनीसाठी, नाव सांगत नव्हत्या. मी नाव सांगितल्याशिवाय सीव्ही देणार नाही म्हटलं. कारण असं: कन्सल्टंटने, किंवा तुम्ही स्वतः साइटवरून, सीव्ही एकदा टाकला की कंपनीच्या सिस्टिममध्ये मोबाइल नंबर आणि मेलवरून नोंद होते. पुढे साधारण सहा महिने, कुठे कमी कुठे जास्त, तुम्ही त्या नोंदीचे. त्यानंतर कुणी तुम्हाला रेफर केलं तर "कँडिडेट ऑलरेडी एक्झिस्ट्स" म्हणून रेफरल बाद. शिवाय कन्सल्टंटकडून घेतलं तर कंपनीला त्याला वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, द्यावा लागतो; नेहमीचा दर तोच आहे. रेफरलचा बोनस सहसा त्याहून कमी असतो. अर्ज टाकून झाल्यावर रेफरल मागणारे रोज भेटतात, आणि मग सीनियरने काही केलं नाही म्हणतात.

आता साडूंच्या मुद्द्यावर येतो. रेफरलने माझा सीव्ही वाचला गेला, बस. इंटरव्ह्यूला क्वालिटी हेड आणि परचेसचे एक जण होते. सीनियर त्या दिवशी राजकोटला एका फाउंड्रीत ऑडिटला. टेबलावर ब्रेक कॅलिपरचं हाउसिंग ठेवलं होतं, मधोमध कापलेलं, बोअरच्या भिंतीत बारीक भोकं. "मशिनिंगनंतर दिसलं. फाउंड्री म्हणते मशिनशॉपची चूक. तू काय बघशील?" मी भिंग मागितलं. भोकाची आतली बाजू गुळगुळीत, चकचकीत, आकार गोल असेल तर गॅस: वाळूतली ओल, कोअर, ओतण्याची पद्धत बघायची. आतून खडबडीत, वेडंवाकडं असेल आणि जाड-बारीक भाग जुळतात तिथेच असेल तर श्रिंकेज, म्हणजे फीडर अपुरा. हे खडबडीत होतं, आणि जाड भागातच. मशिनशॉपने भोक उघडं पाडलं, तयार केलं नाही, एवढं सांगून मी हीट कोड, म्हणजे कुठल्या ओतणीचा माल ते विचारलं आणि त्या हीटचा बाकीचा माल कुठे अडवणार ते सांगितलं. यात सीनियरने काय चिकटवलं? त्याच जागेला त्यांनी आणखी दोघांना रेफर केलं होतं. दोघेही पहिल्याच फेरीत बाद झाले.

आणि गंमत बघा. गेल्या वर्षी ह्याच साडूंनी त्यांच्या चिरंजीवांचा सीव्ही मला व्हॉट्सअॅपवर पाठवला. सीव्हीसुद्धा नाही, सीव्हीचा फोटो, कोपऱ्यात अंगठा. खाली लिहिलेलं, "बघा काहीतरी." मी म्हटलं, त्याला स्वतःला फोन करू दे, कोणतं काम करायचंय ते सांगू दे. त्याचा फोन अजून यायचा आहे. वशिला कोण मागत होतं, ते आता तुम्हीच ठरवा.

रेफरल द्यायला कुणी तयार झालं की त्याचं काम हलकं करा. सीव्ही पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं नाव. जागेचा जॉब आयडी असेल तर तो. नोटीस पिरियड, सध्याचा आणि अपेक्षित पगार, आणि या कंपनीत सहा महिन्यांत अर्ज केलाय की नाही, हे त्याने विचारायच्या आधी. शिवाय तुमच्या कामाबद्दल तीन ओळी, ज्या तो पोर्टलमध्ये तशाच टाकू शकेल. बऱ्याच पोर्टलवर "उमेदवाराला कसे ओळखता?" असा रकाना असतो. तिथे "एका कॉलेजचे, फोनवर बोललोय, सोबत काम केलेलं नाही" असं खरं लिहायला तुम्हीच सांगा. निम्म्या लोकांची भीती तिथे असते, की अनोळखी माणसाची हमी आपल्या नावावर पडेल.

जवळच्या मित्रांवर फार विसंबू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये बॉस्टनजवळच्या, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांबद्दल लिहिलं. ओळख देणारा माणूस वारंवार भेटणारा होता असं सांगणारे सुमारे १७ टक्के, अधूनमधून भेटणारा म्हणणारे ५६ आणि क्वचितच भेटणारा म्हणणारे २८. नमुना छोटा होता, पण माझा अनुभव तोच. जवळच्या मित्राला तेच माहीत असतं जे तुम्हाला आहे.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. सरकारी आणि पीएसयूच्या भरतीत यातलं काहीही चालत नाही, तिथे रीतसर जाहिरात आणि ठरलेली निवडप्रक्रियाच. पन्नास-शंभर माणसांच्या कंपनीत पोर्टल-बिर्टल नसतं, तिथे वर्क्स मॅनेजर मालकाला सांगतो आणि काम होतं. आणि साडूंचं एक म्हणणं मला मान्य आहे, त्यांच्या तोंडावर कबूल करणार नाही इतकंच: ज्याचे सीनियर चाकण-हिंजवडीत बसलेत त्याला हा रस्ता सोपा आहे, आडगावच्या नव्या कॉलेजातून आलेल्याला नाही. तुमचं तसं असेल तर कॉलेज सोडा. तुमच्या शॉपला ऑडिटला येणारे ग्राहकाचे इंजिनियर, गेज विकणारे, कॅलिब्रेशनवाले, आधीच्या नोकरीतले सोडून गेलेले सहकारी यांना गाठा. त्यांनी तुमचं काम बघितलंय, आणि कुठल्या प्लांटला कोण पेपर टाकून बसलाय हे गेजवाल्याइतकं कुणालाच माहीत नसतं. फक्त तुमच्याच ग्राहकाकडे जायचं असेल तर आधी विचारून घ्या. काही कंपन्यांचा सप्लायरशी एकमेकांची माणसं न घेण्याचा करार असतो. शिरोलीच्या आमच्या शॉपचा असा करार होता, म्हणून मी ज्या कंपनीला माल देत नव्हतो तिथलाच सीनियर शोधला होता.

रेफरलसाठी कुणी पैसे मागितले, अगदी "रिफंडेबल" म्हणून, तर नंबर ब्लॉक करा.