‘मासिक सक्रिय वापरकर्ता’ म्हणजे नेमका कोण?

प्रश्न: लॉगिन सेवेच्या बिलात ‘मंथली ॲक्टिव्ह यूजर’ म्हणजे एमएयू असतं, त्याला आम्ही ‘मासिक सक्रिय वापरकर्ता’ लिहितो. पण महिनाभर न फिरकलेले लोक आणि आम्हीच चाचणीसाठी उघडलेली खातीही त्यात येतात. मग ‘सक्रिय’ हा शब्द बरोबर आहे का?

उत्तर: शब्द चालेल, पण ‘सक्रिय’ हे विशेषण माणसाला न लावता खात्याला लावा. एरवी सक्रिय म्हटलं की माणूस स्वतः काही करतोय असं आपण धरतो. दरपत्रकाची अट मात्र एवढीच, की त्या महिन्यात खात्यावर ठरावीक प्रकारची एक तरी नोंद झालेली असावी. नोंद नसेल तर खातं वर्षानुवर्षं पडून राहिलं तरी मोजत नाहीत. झाली असेल, तर पन्नास वेळा लॉगिन करूनही ते एकदाच मोजतात.

गोम आहे ती नोंद कशाला म्हणायचं यात. सुपाबेस ही सेवा लॉगिनबरोबर टोकनचं, म्हणजे लॉगिननंतर मिळणाऱ्या डिजिटल पासचं, नूतनीकरणही धरते. तिथलं ॲक्सेस टोकन एरवी तासाभराचं असतं आणि टॅब समोर उघडा असताना ते आपोआप नवं होतं. म्हणजे मागच्या महिन्यात लॉगिन करून टॅब तसाच समोर उघडा ठेवणाराही या महिन्यात ‘सक्रिय’. `last_sign_in_at` जुनी तारीख दाखवतं, त्यामुळे बिल चुकलंय असं वाटतं. खरं चित्र सेशनच्या तक्त्यात दिसतं:

```sql
select count(distinct user_id)
from auth.sessions
where coalesce(refreshed_at, created_at) >= date_trunc('month', now());
```

लॉगआउट केलेल्यांची सेशन पुसली जातात, म्हणून बिलाचा महिना एक तारखेला सुरू होत असला तरी हा आकडा बिलापेक्षा थोडा कमीच येईल.

ॲमेझॉन कॉग्निटोची व्याख्या आणखी सैल आहे. तिथे पासवर्ड किंवा खात्यातली माहिती बदलली तरी खातं मोजलं जातं. पडून असलेल्या हजारो खात्यांत एखादी स्क्रिप्ट चालवून नवी माहिती भरलीत, तर ती सगळी त्या महिन्यापुरती सक्रिय होतात.

चाचणीची खाती वेगळी ओळखण्याचा सेवेकडे मार्ग नसतो. समजा, स्वयंचलित चाचणीची प्रत्येक फेरी १५ नवी खाती उघडते, दिवसाला २० फेऱ्या होतात आणि महिन्यात कामाचे २२ दिवस आहेत. तर ६,६०० खाती झाली, खरा ग्राहक एकही नसताना! फेरी संपल्यावर ती पुसून उपयोग नाही, कारण नोंद आधीच झालेली असते. तीच १५ खाती दर फेरीला वापरलीत तर बिलात १५च येतील. नोंदणीचीच चाचणी असेल तर ती आपल्या मशीनवर चालणाऱ्या स्थानिक प्रतीवर करावी. सुपाबेसवर चाचणीसाठी वेगळा प्रोजेक्ट काढूनही सुटका नाही, कारण मोजणी संपूर्ण ऑर्गनायझेशनची मिळून होते.

‘निष्क्रिय’ हा शब्द मात्र मी टाळेन. कुणी तो ‘कोणी वापरत नाही’ अशा अर्थाने वाचतो, कुणी ‘आम्ही बंद केलं’ अशा. ‘पडून असलेलं खातं’ आणि ‘बंद केलेलं खातं’ असं सरळ लिहा, आणि एमएयूच्या रकान्यावर ‘या महिन्यात नोंद झालेली खाती’.