√x ची शून्यापाशी लिमिट: डावी बाजूच नसेल तर?

प्रश्न: बारावीत शिकवलं की डावी आणि उजवी लिमिट सारखी आली तरच लिमिट असते. √x ला 0 च्या डावीकडे किंमतच नाही, म्हणून मी ‘लिमिट नाही’ लिहिलं. बीएस्सीच्या सरांनी ते खोडून 0 केलं. असं कसं?

उत्तर: बारावीचा नियम खोटा नाही, पण फंक्शन दोन्ही बाजूंना आहे हे तो गृहीत धरतो. मूळ व्याख्येत डावं-उजवं काही नसतं. ती एवढंच म्हणते: कोणताही ε > 0 दिला, तरी असा δ > 0 सापडला पाहिजे की डोमेनमधल्या ज्या x साठी 0 < |x − a| < δ आहे, त्या प्रत्येकासाठी |f(x) − L| < ε येईल. सगळी मेख त्या ‘डोमेनमधल्या’ शब्दात आहे.

आता √x घ्या, a = 0, L = 0. समजा ε = 0.1 दिला. √x < 0.1 हवं तर x < 0.01 पुरतं, म्हणून δ = 0.01. x = 0.0064 घेतला तर वर्गमूळ 0.08, म्हणजे अट पाळली गेली. x = −0.0064 ही 0 पासून तेवढाच जवळ, पण तो डोमेनमध्येच नाही, त्यामुळे त्याची तपासणीच होत नाही. ε कितीही लहान असो, δ = ε² घेतलं की काम झालं. लिमिट 0.

|x|/x ची गोष्ट वेगळी. तिथे डावीकडे फंक्शन आहे आणि ते −1 देतं, उजवीकडे 1. डावी बाजू वेगळं उत्तर देते म्हणून लिमिट नाही. √x च्या बाबतीत डावीकडून कुणी उत्तरच देत नाही. तुमच्या उत्तरात या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे.

मग दोन्ही बाजू नसल्या तरी चालतं का? नाही, a च्या कितीही जवळ डोमेनमधले (a सोडून) बिंदू असावेच लागतात. √(x²(x − 1)) बघा. त्याचं डोमेन म्हणजे 0 हा सुटा बिंदू आणि 1 पासून पुढचं सगळं. 0 पाशी δ = 0.5 घेतलं तर तपासायला एकही x उरत नाही, मग L = 7 काय आणि L = −40 काय, सगळेच पास! म्हणून अशा बिंदूपाशी लिमिटची भाषाच करत नाहीत.

काही पुस्तकं मात्र a च्या दोन्ही बाजूंना फंक्शन असण्याची अट व्याख्येतच घालतात. तिथे साधी लिमिट लिहिता येत नाही, x → 0⁺ असंच लिहायचं. तुमच्या अभ्यासक्रमातली व्याख्या एकदा उघडून बघा. शंका असेल तर पेपरात 0⁺ लिहा, ते दोन्हीकडे बरोबर ठरतं.

√x हे 0 ला सतत आहे, यावर मात्र दोन्ही पुस्तकांचं एकमत असतं, कारण [a, b] च्या टोकाला सातत्य आतल्या बाजूनेच तपासतात. पण त्यावरून 0 ला डेरिव्हेटिव्हही असेल असं धरू नका. उजवीकडूनच √h/h = 1/√h येतं; h = 0.0001 ला ते 100, h = 0.000001 ला 1000, आणि पुढे वाढतच जातं.