डेंग्यूच्या एका पेशंटवरून एलायझा आणि पीसीआर

प्रश्न: डीएमएलटी सेकंड इयरला आहे, इंदूर. एलायझा आणि पीसीआरच्या एमसीक्यूत दरवेळी घोळ होतो. कोणती टेस्ट नक्की काय पकडते आणि प्रश्नात कुठे फसवतात, कोणी सोपं करून सांगेल का?

मी पण इंदूरचीच, पलासियाकडे एका लॅबमध्ये काम करते. पावसाळा सरता सरता आमच्याकडे डेंग्यूच्या सॅम्पलची नुसती रांग लागते, म्हणून सगळं डेंग्यूवरच सांगते, बाकीचे आजार मग तुम्हाला आपोआप लावता येतील.

पीसीआर फक्त डीएनए किंवा आरएनए पकडते, म्हणजे त्या जंतूचा जीनोमच. अँटीबॉडी तिला दिसतच नाही. एलायझा अँटीजन पण पकडू शकते आणि अँटीबॉडी पण, प्लेटच्या वेलला आधीपासून काय चिकटवून ठेवलंय त्यावर ते ठरतं. 'एलायझा म्हणजे अँटीबॉडीची टेस्ट' असं पाठ केलं असेल तर आधी ते विसरा, निम्मे मार्क तिथेच जातात.

आता एक पेशंट घ्या. सोमवारी ताप आला, बुधवारी सॅम्पल आलं, म्हणजे तापाचा तिसरा दिवस. या दिवशी रक्तात व्हायरस फिरतोय, त्याचं आरएनए आहे, त्याने सोडलेलं एनएस१ प्रोटीन आहे, पण शरीराने आयजीएम अजून पुरेसं बनवलेलं नाही, ते साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसायला लागतं. म्हणून आज एनएस१ एलायझा किंवा पीसीआर पॉझिटिव्ह येईल आणि आयजीएम बहुतेक निगेटिव्ह, आणि घरचे लोक तो आयजीएमचा निगेटिव्ह रिपोर्ट बघून म्हणणार 'चला, डेंग्यू नाही'. तोच माणूस पुढच्या सोमवारी आला, म्हणजे आठव्या दिवशी, तर उलटं: आरएनए बहुतेक गेलेलं, एनएस१ पण बऱ्याचदा गेलेलं, आयजीएम जोरात. त्यामुळे प्रश्नात 'तापाचा दुसरा दिवस' किंवा 'दहावा दिवस' असं काही लिहिलेलं असेल तर ते उगाच लिहिलेलं नसतं, सगळं उत्तर त्याच्यावरच आहे.

यात दोन पोटफसवणुकी आहेत. एक, डेंग्यू दुसऱ्यांदा झाला असेल तर जुनं आयजीजी लगेच वाढतं आणि एनएस१ला धरून बसतं, मग एनएस१ लवकर निगेटिव्ह होऊ शकतं. दुसरी, आयजीएम दोन-तीन महिने राहू शकतं, म्हणजे दिवाळीत आलेल्या तापात आयजीएम पॉझिटिव्ह आलं तरी ते ऑगस्टमधल्या डेंग्यूचं असू शकतं. वर जपानी एन्सेफलायटिससारख्या भाऊबंद व्हायरसबरोबर क्रॉस रिअ‍ॅक्शन होते ती वेगळीच.

प्रिन्सिपलमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. एनएस१ची एलायझा सँडविच असते: वेलला अँटी-एनएस१ अँटीबॉडी चिकटवलेली, सीरममधलं एनएस१ तिला येऊन बसतं, वरून एन्झाइम लावलेली दुसरी अँटीबॉडी. आयजीएमसाठी मात्र बहुतेक मॅक एलायझा वापरतात, पुण्याच्या एनआयव्हीचं किट पण हेच आहे. तिथे वेलला डेंग्यूचं अँटीजन नसतं हो, माणसाच्या आयजीएमला पकडणारी अँटीबॉडी असते! आधी ती पेशंटचं सगळं आयजीएम पकडते, कुठल्याही आजाराचं असो, मग आपण बाहेरून डेंग्यूचं अँटीजन घालतो, ज्या आयजीएमला डेंग्यू ओळखता येतो तेच ते धरून ठेवतं, मग त्या अँटीजनवर बायोटिन लावलेली अँटीबॉडी, मग अ‍ॅव्हिडिन-एचआरपी, शेवटी टीएमबी. एवढी यातायात कशाला, तर अँटीजन थेट वेलला चिकटवलं असतं तर पेशंटचं आयजीजी, जे प्रमाणात कितीतरी जास्त असतं, तेच सगळ्या जागा अडवून बसलं असतं. मॅक एलायझाचा प्रश्न दिसला की 'कोटिंग काय' हे विचारणारच असं समजून चला.

टीएमबीने आधी निळा रंग येतो, सल्फ्युरिक अ‍ॅसिडने थांबवलं की पिवळा होतो आणि तो ४५० एनएमवर वाचतात. एचआरपीच्या किटमध्ये सोडियम अझाइड असलेला बफर गेला तर एन्झाइमच बंद पडतं, प्लेटभर रंग नाही, पॉझिटिव्ह कंट्रोल पण फेल. उलट वॉशिंग नीट झालं नाही तर न चिकटलेलं एन्झाइम वेलमध्येच राहतं आणि सगळीकडे रंग. समजा लीफलेटमध्ये लिहिलंय की कटऑफ म्हणजे निगेटिव्ह कंट्रोलची सरासरी अधिक ०.२०. कंट्रोल आले ०.०८, ०.१० आणि ०.१२, सरासरी ०.१०, कटऑफ ०.३०. सॅम्पल १.४ आलं तर बिनधास्त पॉझिटिव्ह. ०.३१ आलं तर किटच्या ग्रे झोनमध्ये बसतंय का बघा, बसत असेल तर परत लावायचं, जमलं तर दोन-चार दिवसांनी नवीन सॅम्पल घेऊन. पण निगेटिव्ह कंट्रोलच ०.६ आला तर कटऑफ काढत बसायचं नाही, अख्खी प्लेट रद्द.

रंग जास्त म्हणजे अ‍ॅनालाइट जास्त, हे सँडविचला लागू. कॉम्पिटिटिव्हमध्ये उलटं, रंग कमी म्हणजे अ‍ॅनालाइट जास्त. टी४सारख्या बारक्या रेणूवर एका वेळी दोन अँटीबॉडी बसत नाहीत म्हणून तिथे ती वापरतात.

आता पीसीआर. डेंग्यू आरएनए व्हायरस आहे आणि टॅक पॉलिमरेज नेहमीच्या पीसीआरमध्ये डीएनएचीच कॉपी काढतं, म्हणून आधी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजने सीडीएनए बनवावं लागतं, ही पायरी ऑप्शनमध्ये गाळलेली असेल तर तो ऑप्शन चूक. मग ९५ डिग्रीला दोन्ही धागे सुटतात, ५० ते ६५च्या मध्ये प्रायमर बसतात, ७२ला टॅक लांबवतं. दर सायकलला दुप्पट, म्हणून ३० सायकलनंतर एकाचे 2^30, म्हणजे शंभर कोटींच्या वर, तेही सगळं आदर्श चाललं तर. रिअल टाइममध्ये सीटी कमी म्हणजे माल जास्त: सीटी १८ आणि २८ मध्ये दहा सायकलचा फरक, म्हणजे साधारण हजारपट. मुलं हमखास २८ला जास्त म्हणतात. आणि पीसीआर पॉझिटिव्ह म्हणजे व्हायरस जिवंतच आहे असं नाही, मेलेल्याचं आरएनए पण वाढतं.

पीसीआरचा निगेटिव्ह वाचायच्या आधी इंटर्नल कंट्रोल बघायचा. डेंग्यूचा सिग्नल नाही पण इंटर्नल कंट्रोल आला, तर निगेटिव्ह. दोन्ही नाही आले तर रिपोर्ट 'इनव्हॅलिड', निगेटिव्ह नाही, एक्स्ट्रॅक्शन फसलंय किंवा सॅम्पलमध्ये इन्हिबिटर आहे. हिमोलाइज झालेल्या सॅम्पलचं हिमोग्लोबिन आणि हिरव्या ट्यूबमधलं हेपरिन हे नेहमीचे दोन, म्हणून 'पीसीआरसाठी कोणती ट्यूब नको' याचं उत्तर हेपरिन. ईडीटीए पण मॅग्नेशियम पकडतं हे खरं, पण एक्स्ट्रॅक्शनमध्ये ते बहुतेक निघून जातं, म्हणून जांभळी ट्यूब चालते. आणि ज्या ट्यूबमध्ये सॅम्पलच्या जागी नुसतं पाणी घातलंय त्या एनटीसीमध्येच कर्व्ह वर आला, तर कुठेतरी कंटॅमिनेशन झालंय, त्या रनमधला एकही पॉझिटिव्ह देता येत नाही, रीएजंट नवीन घेऊन सगळं परत.