‘उद्धट’ न म्हणता सांगायचं कसं?

प्रश्न: मी टीम लीड आहे. टीममधला एक जण कामाला चोख आहे, पण त्याच्या बोलण्यामुळे तिघांनी माझ्याकडे तक्रार केली. ‘तू उद्धट बोलतोस’ म्हटलं तर तो दुरावेल, गोड बोलून सांगितलं तर त्याला कळणारच नाही. अप्रेझलच्या इंग्रजी फॉर्ममध्येही लिहायचंय. कर्ट, ब्लंट, ब्रस्क, अ‍ॅब्रप्ट, यातला कोणता शब्द वापरू?

उत्तर: तुमचा प्रश्न वाचला आणि चाकणच्या एका कारखान्यातल्या पर्चेस मॅनेजर आठवल्या. त्यांच्या परवानगीने सांगते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या अडतीस वर्षांच्या. त्यांच्या हाताखाली स्टोअर्स सांभाळणारे गृहस्थ बावन्न वर्षांचे, सगळे त्यांना ‘अण्णा’ म्हणायचे. माल मोजण्यात त्यांची चूक कधी सापडली नव्हती. पण ज्युनियर मुलं स्टोअर्सच्या खिडकीशी जायला घाबरायची.

मॅडम माझ्याकडे आल्या तेव्हा फॉर्मचा मसुदा घेऊनच आल्या. त्यात आधी ‘रूड’ लिहून खोडलं होतं आणि वर ‘ब्रस्क’ लिहिलं होतं. हाच शब्द का निवडला, असं विचारलं. “तो जरा सौम्य वाटतो, आणि फारसा कुणाला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. हे ऐकून मी थांबले. अण्णा फॉर्म घरी नेणार, मुलाला मोबाइलवर अर्थ बघायला सांगणार, आणि मुलगा वाचून दाखवणार, “बाबा, उद्धट.” अनोळखी शब्दाने टोचणी कमी होत नाही. फक्त ती घरी, मुलादेखत पोचते, आणि तिथे समजावून सांगायला मॅडम नसतात.

मग मी फॉर्म बाजूला ठेवायला लावला आणि म्हटलं, अण्णा नेमके काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिहा. कधी, कुणाला, आणि समोरच्याने त्याआधी काय विचारलं होतं, तेही. अर्धा तास गेला. सुरुवातीला त्या पुन्हा पुन्हा “खेकसले”, “अपमान केला” असंच लिहीत होत्या. मी विचारत राहिले, वाक्य काय होतं? शेवटी कागदावर चार प्रसंग उतरले.

एका ज्युनियर मुलीने खिडकीशी येऊन जीआरएनबद्दल, म्हणजे आलेला माल मोजून घेतल्याच्या नोंदीबद्दल विचारलं, “सर, जीआरएन कधी होईल?” अण्णा मान वर न करता म्हणाले, “होईल तेव्हा होईल.”

मीटिंगमध्ये नवा इंजिनियर जास्तीचा स्टॉक मागवण्याचं मांडत होता. अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, “हे चालणार नाही. मागच्या वर्षी असंच मागवलं, माल चार महिने पडून राहिला.”

संध्याकाळी गाडी भरण्याच्या वेळी अकाउंट्समधले एक जण बिलाबद्दल विचारायला आले. हाताने त्यांना बाजूला सारत अण्णा म्हणाले, “सरका, वेळ नाहीये मला.”

आणि फोनवर समोरचा बोलत असतानाच “बरं” म्हणून त्यांनी फोन ठेवला. हे तर दर दोन दिवसांनी व्हायचं.

तुम्ही विचारलेले चारही इंग्रजी शब्द इथे एकेक करून बसतात, म्हणूनच हा प्रसंग सांगायला घेतला. पहिलं उत्तर कर्ट. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कापून आखूड केलेला. मराठीत आपण याला तुटक किंवा तोडून बोलणं म्हणतो. दुसरं ब्लंट. हा शब्द बोथट धारेसाठीही वापरतात, पण बोलण्याच्या बाबतीत त्याचा अर्थ आडपडदा न ठेवता सांगणं, म्हणजे आपलं परखड किंवा रोखठोक. तिसरं ब्रस्क. तो फ्रेंचमधून आला, आणि त्यामागच्या इटालियन शब्दाचा अर्थ आंबट. घाईत माणसाला झटकून टाकणं ते हेच. चौथं अ‍ॅब्रप्ट, लॅटिनमध्ये तुटलेला, तोडून अलग केलेला. इथे वाक्य आखूड नाही, संभाषणच अर्ध्यावर तुटलंय.

या फरकाचा उपयोग असा, की प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. तुटक उत्तराला एक वाक्य जोडावं लागतं. झटकून टाकणाऱ्याला ‘आत्ता नाही, सहानंतर या’ एवढं सांगण्याची सवय लावावी लागते. फोन मध्येच ठेवणाऱ्याने समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं असतं. परखड बोलण्यात मात्र मजकुराला हात लावायचा नसतो. अण्णांचं मीटिंगमधलं म्हणणं बरोबर होतं आणि कंपनीच्या फायद्याचं होतं. ते त्या पोराला मीटिंगच्या आधी बाजूला घेऊन सांगितलं असतं तर कुणी दुखावलं नसतं. चारही प्रसंगांवर मिळून ‘उद्धट’ असा एकच शिक्का मारला असता तर अण्णांनी एवढंच ऐकलं असतं, की तोंड बंद ठेवा. पुढच्या वेळी चुकीचा माल मागवताना कुणी अडवलं नसतं.

उद्धट या शब्दाबद्दल आणखी एक गोष्ट मी मॅडमना सांगितली. तो मराठीत सहसा खालून वर बोलणाऱ्याला लागतो. मुलगा बापाला उद्धट बोलतो, विद्यार्थी शिक्षकांना. साहेब शिपायाशी कसाही बोलला तरी त्याला आपण उद्धट म्हणत नाही, खडूस म्हणतो, फार तर अरेरावी करतो म्हणतो. म्हणजे या शब्दात ‘आपली पायरी विसरलास’ हे आधीच बसलेलं आहे. बावन्न वर्षांच्या माणसाला अडतीस वर्षांच्या साहेबांनी तो शब्द वापरला, तर त्यातून पायरीच ऐकू जाणार. उर्मट म्हटलं तर त्यात गर्वाचा आरोप येतो. तुसडा म्हटलं तर माणसंच नको असतात असा. फटकळ त्यातल्या त्यात माफक, कारण आपण लगेच ‘तोंडाने फटकळ, पण मनात काही नाही’ असं जोडतो. पण तोही बायकांनाच जास्त चिकटतो. तसंच बोलणारा पुरुष आपल्याकडे स्पष्टवक्ता ठरतो, हे मला कायम खटकत आलंय. तुम्ही शब्द निवडाल तेव्हा एकदा मनात बाई-पुरुष उलटसुलट करून बघा.

हे सगळे शब्द स्वभावाचे आहेत, आणि स्वभाव आपल्याला दिसत नाही. दिसतं ते वागणं. स्वतः तोडून बोललो तर आपण म्हणतो, आज फार धावपळ होती. दुसरा बोलला की म्हणतो, तो आहेच तसा. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या चुकीला नाव दिलं, त्याचा मराठीत साधा अर्थ ‘कारण शोधण्यातली मूलभूत चूक’ असा करता येईल. मॅडमच्या कागदावर तिसऱ्या प्रसंगाची वेळ संध्याकाळी पाच चाळीस होती आणि गाडी सहाला सुटायची. वेळ लिहून काढेपर्यंत हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

एक मात्र आम्ही आधीच तपासलं. अण्णा प्लँट हेडशी कसे बोलतात? “तसेच,” मॅडम हसून म्हणाल्या, “त्यांनाही ‘चालणार नाही’ असंच सांगतात.” म्हणजे ही बोलण्याची पद्धत होती. जो वरच्यांशी नरम आणि फक्त खालच्यांवर गुरगुरतो, त्याची गोष्ट वेगळी. तिथे शब्दांची निवड पुरत नाही, लेखी नोंद लागते. शिव्या, जातीवरून टोमणे किंवा बाईपणावरून शेरे असतील, तर ते अप्रेझलच्या ओळीत मावणारं प्रकरणच नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तशी तक्रार असेल तर तिथेच जावं.

मग आम्ही बोलण्याचा सराव केला. मी अण्णा झाले. मॅडमनी सुरुवात केली, “अण्णा, लोक म्हणतात की तुमचं बोलणं थोडंसं…” मी लगेच विचारलं, “कोण लोक?” आणि सगळी बैठक नावं शोधण्यात जाणार हे त्यांना तिथेच कळलं. ‘थोडंसं’नेही घात होतो, माणसाला वाटतं विषय किरकोळ आहे. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, “अण्णा, सोमवारी खिडकीशी जीआरएन विचारलं तेव्हा तुम्ही ‘होईल तेव्हा होईल’ म्हणालात, मी मागेच उभी होते. ते उत्तर तुटक होतं. ती मुलगी पुन्हा विचारायला आली नाही, पार्टीला तिने अंदाजाने तारीख सांगितली आणि ती चुकली.” प्रसंग, वागणं, परिणाम. अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेने हीच मांडणी रूढ केली आहे. त्यात मी एवढीच भर घालते, की प्रसंग आपण स्वतः पाहिलेला असावा. ‘तुटक’ हा शब्द इथे चालतो, कारण तो उत्तराला लावलाय, अण्णांना नाही.

मी अण्णा होऊन विचारलं, “म्हणजे मी उद्धट आहे असं म्हणायचंय तुम्हाला?” मॅडम गडबडून “नाही, नाही, तसं नाही” म्हणाल्या. असं मागे हटलं की आधीचं सगळं पुसलं जातं, आणि ‘हो’ म्हटलं तर भांडण. आम्ही उत्तर ठरवलं: “तो शब्द मी वापरणार नाही. तुमच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. मी जे ऐकलं आणि त्यामुळे जे झालं, तेवढंच सांगतेय. त्या वेळी नेमकं काय चाललं होतं?”

पंधरा दिवसांनी त्या परत आल्या. अण्णांनी तो प्रश्न जसाच्या तसा विचारला होता. मॅडमनी ठरलेलं उत्तर दिलं. बराच वेळ गप्प बसून अण्णा म्हणाले, “मॅडम, गाडीच खाली झाली नव्हती. मलाच माहीत नव्हतं, तिला काय सांगू? दिवसातून तीस जण हेच विचारतात.” मग दोघांनी मिळून खिडकीबाहेर एक फळा लावला. कुठल्या गाडीचं जीआरएन किती वाजेपर्यंत होईल, ते सकाळ-दुपार त्यावर लिहायचं. खिडकीवरची गर्दी निम्म्याने कमी झाली. ती मुलगी नंतर काही विचारायला गेली तेव्हा अण्णा म्हणाले, “साडेचारनंतर ये. गाडी अजून खाली झाली नाही.” मान अजूनही वर केली नव्हती. फोनची सवय तर बिलकुल सुटलेली नव्हती, तिच्यासाठी पुन्हा बसावं लागलं.

फॉर्ममध्ये मॅडमनी चारांपैकी एकही शब्द लिहिला नाही. तारीख, झालेलं संभाषण, आणि अपेक्षा: विचारणाऱ्याला वेळ सांगावी, वेळ माहीत नसेल तर पुन्हा कधी यायचं ते सांगावं. खाली मालाबद्दल स्पष्ट मत देतात, ते चालू ठेवावं, अशी वेगळी ओळ.

तुम्ही आता तक्रार करणाऱ्या तिघांना एकेकटं बोलवा आणि नेमकं वाक्य विचारा. मग काही दिवस स्वतःच्या कानांनी ऐका. फॉर्मची तारीख जवळ आली असली तरी आधी त्याच्याशी बोला आणि फॉर्म नंतर भरा. त्याने ती ओळ कागदावर पहिल्यांदा वाचता कामा नये.