वाडी ते वादी कबीर: ऑइल आणि कूलंटचा हिशोब

"नागपुरात माझी गाडी ०डब्ल्यू-२० ऑइलवर चालायची. मस्कतला तेच मॉडेल घेतलं, तर गॅरेजवाला ५डब्ल्यू-३० किंवा ४० टाका म्हणतो. कूलंटही मोजून टाकतो. आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ डिग्री असतंच की! मग फरक कशाचा?"

भाऊ, मी मूळचा वाडीचा, अमरावती रोडवरचा, आणि मस्कतला आठ वर्षं काम केलं ते वादी कबीरच्या एका गॅरेजात. वाडीतून वादीत गेलो, एवढाच काय तो बदल, असं घरचे म्हणायचे. पहिल्या महिन्यात मीही तिथल्या फोरमनला हेच विचारलं होतं. नागपूरच्या पोराला गरमी काय शिकवता?

पाऱ्याच्या आकड्यात फार फरक नाही, तुमचं बरोबर आहे. फरक आहे तो इंजिन त्या गरमीत किती वेळ आणि किती जोरात राबतं याचा. नागपुरात मे महिन्यात गाडी निघते धरमपेठेतून, सिग्नलला थांबत थांबत बुटीबोरीला पोचते आणि सावलीत लागते. कूलंट पाच-सात मिनिटांत तापतं, पण चेंबरमधलं ऑइल पूर्ण तापायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. म्हणजे ते तापल्यावर थोडाच वेळ राबतं, तोवर आपण पोचलेलोच असतो. तिकडे मस्कतहून सलालाहला निघालात तर हजार किलोमीटर, मध्ये हैमा सोडलं तर थांबण्यासारखं फारसं काही नाही. १२० चा वेग, एसी फुल, आणि हे आठ-नऊ तास. वर तिथे रात्रही गाडीला विश्रांती देत नाही. २०१८ च्या जूनमध्ये एका रात्री ओमानच्या कुरय्यातला पारासुद्धा ४२.६ च्या खाली उतरला नव्हता. आपल्याकडे मे मध्ये निदान पहाटे जरा बरं वाटतं.

आता रेडिएटरचं गणित बघा. रेडिएटर किती गरमी बाहेर टाकेल हे कूलंट आणि समोरून येणारी हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ डिग्री धरा. पावसाळ्यात हवा ३० ची, म्हणजे फरक ६५ चा. तिकडे जुलैत हवा ५० ची, शिवाय रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर, तो हवा आणखी दहा डिग्रीने तापवूनच मागे सोडतो. हवा झाली ६०, फरक उरला ३५. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण काम जवळपास अर्ध्यावर आलं. हाच हिशोब नागपूरच्या मे साठी केला तर फरक ४० च्या आसपास येतो, म्हणजे फार वेगळा नाही. पण ते ४० आपण दिवसातून तासभर सोसतो आणि शहराच्या वेगाने सोसतो.

कूलंटला निदान थर्मोस्टॅट आणि पंखा सांभाळतात. ऑइलला बऱ्याच गाड्यांत वेगळा कूलर नसतो. मीटरवरचा काटा मधोमध शांत दिसतो आणि खाली चेंबरमध्ये ऑइल १२०-१३० वर गेलेलं असतं. आणि ऑइल तापलं की पातळ होतं.

किती पातळ, तेच इथे महत्त्वाचं आहे. डब्यावरचा दुसरा आकडा, म्हणजे २०, ३०, ४०, हा १०० डिग्रीला ऑइल किती जाड आहे त्यावरून दिलेला असतो. बाजारातलं साधारण ०डब्ल्यू-२० घेतलं तर १०० डिग्रीला त्याचा जाडपणा आठ-सव्वाआठ सेंटिस्टोक भरतो. सेंटिस्टोक हे जाडपणाचं माप, एवढंच लक्षात ठेवा. तेच ऑइल १३० वर गेलं की पाचच्या आत येतं. ५डब्ल्यू-४० हे १०० डिग्रीला चौदाच्या आसपास असतं आणि १३० ला उतरतं सुमारे आठवर. म्हणजे नागपुरात १०० डिग्रीला तुमच्या क्रँकच्या बेअरिंगला जेवढ्या जाडीची फिल्म मिळत होती, जवळपास तेवढीच वाळवंटात १३० ला ५डब्ल्यू-४० देतं. गॅरेजवाला तुमच्या इंजिनात जाड ऑइल टाकत नाहीये, गरम झाल्यावर पूर्वीइतकंच जाड राहील असं ऑइल टाकतोय. ५डब्ल्यू-३० या दोघांच्या मधलं, १३० ला सहाच्या थोडं वर.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या स्टार्टिंगचा. शून्य किंवा पाच, दोन्ही शून्याखालच्या बर्फाळ सकाळीसाठी. मस्कतला त्याचा उपयोग नाही आणि खरं सांगायचं तर नागपूरच्या डिसेंबरलाही नाही. मग कंपन्या ०डब्ल्यू-२० देतात कशाला? मायलेजसाठी. पातळ ऑइलला ढकलायला ताकद कमी लागते, तेवढं पेट्रोल वाचतं. त्यात वाईट काही नाही, फक्त ते शहरी, मध्यम तापमानाच्या वापराला धरून केलेलं असतं. म्हणूनच बऱ्याच मॅन्युअलमध्ये बाहेरचं तापमान आणि ग्रेड यांचा एक तक्ता असतो, तो कोणी उघडून बघत नाही. तुम्ही बघा. तक्त्यात ४० नसेल तर ३० वर थांबा.

आता काही काका लोक म्हणतील, मग २०डब्ल्यू-५० च टाका ना, अजून जाड. बाप्पा, तसं करू नका. आजकालच्या इंजिनात व्हॉल्व्हचं टायमिंग ऑइलच्या दाबावर पुढे-मागे होतं, बारीक बारीक भोकांतून. फार जाड ऑइल तिथे वेळेवर पोचत नाही, शिवाय स्वतःच्या घर्षणाने जास्त तापतं. आणि ऑइल पातळ पडतंय हे ओळखायचं कसं? लांब पल्ला मारून आल्यावर गाडी निवांत चालू ठेवा. ऑइलचा लाल दिवा लुकलुकला किंवा वरून टिकटिक ऐकू आली, तर समजा दाब कमी पडतोय. ऑइलची लेव्हल बघायची काडी मात्र गाडी बंद करून दहा मिनिटांनी बघायची.

कूलंटबद्दल मात्र बहुतेकांची समजूत उलटी असते. गरम देश, म्हणजे कूलंट जास्त कडक हवं! आमच्या गॅरेजात उमरेडचा एक पोरगा होता, त्याने स्वतःच्या गाडीत हेच केलं. जुनं कूलंट खालून सोडलं आणि बिनपाण्याचं कॉन्सन्ट्रेट भरलं. गाडी मस्कतमध्ये ठीक चालायची. निझवाच्या बाजूला समाइलच्या चढाला लागली, एसी चालू असला, की काटा वर. सपाटीला आली की खाली. त्याने थर्मोस्टॅट बदलला, मग वॉटर पंप बदलला. काटा तसाच.

फोरमनने रिफ्रॅक्टोमीटर काढला, कूलंटची ताकद मोजायचं यंत्र. काचेवर एक थेंब टाकायचा, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत निळ्या-पांढऱ्याची सीमा कुठे आहे ते वाचायचं. इथे सीमा पट्टीच्या बाहेरच गेली होती. मग त्याने एक वाटी कूलंट आणि एक वाटी डिस्टिल्ड वॉटर मिसळून पुन्हा थेंब टाकला. आलं ३५ टक्के. म्हणजे इंजिनात उरलेलं जुनं कूलंट धरून मूळ ७०.

गरमी वाहून नेण्यात पाण्याचा हात कोणी धरत नाही. वजनाला वजन घेतलं तर पाणी जिथे १०० भाग उष्णता उचलतं तिथे अर्धं-अर्धं मिश्रण ८५ च्या आसपास आणि ७० टक्क्यांचं मिश्रण ७५ च्या आसपास उचलतं. वर ते दाट, रेडिएटरच्या नळ्यांना गरमी देतानाही आळशी. आधीच जिथे ६५ चा फरक ३५ वर आलाय, तिथे ही तूट परवडत नाही. ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मूळ रसायन, घालतात ते मुख्यतः गोठू नये म्हणून, उकळायची पातळी थोडी वाढावी म्हणून आणि त्याच्याबरोबर येणारं गंजरोधक मिळावं म्हणून. गोठण्याचा प्रश्न मस्कतला नाही. उरली दोन कामं, ती ४० ते ५० टक्क्यांत होतात. ३० च्या खाली गेलात तर गंजरोधक अपुरं पडतं आणि पाणी तपकिरी व्हायला लागतं.

त्या गाडीत एकूण सहा लिटर कूलंट. ७० चं ५० करायचं, तर किती काढायचं? सहा लिटरच्या निम्मं, म्हणजे तीन लिटर ग्लायकॉल आत उरायला हवं. ७० टक्क्यांच्या मिश्रणात तीन लिटर ग्लायकॉल असतं सुमारे ४.३ लिटरमध्ये. म्हणून १.७ लिटर काढलं, तेवढंच डिस्टिल्ड वॉटर भरलं, हवा काढली. पुढच्या शुक्रवारी तोच चढ, काटा मधोमध.

कूलंटच्या डब्यापेक्षा रेडिएटरच्या झाकणाकडे जास्त लक्ष द्या, असं मी सगळ्यांना सांगतो. अर्धं-अर्धं मिश्रण उघड्यावर १०७ ला उकळतं. झाकणाने एक बारच्या आसपास दाब धरला की तेच १२८ पर्यंत उकळत नाही. वीसेक डिग्री नुसत्या त्या रबरी वॉशरने दिल्या, ग्लायकॉलने सात. वॉशर चिरला असेल तर गाडी बंद केल्यावर बाटलीत गुडगुड ऐकू येते आणि कूलंट बाहेर येतं. झाकण बदलायला फार पैसे लागत नाहीत. फक्त गरम असताना उघडू नका, माझ्या डाव्या हातावर अजून डाग आहे.

आपल्याकडे कूलंटची ताकद मोजायची सवयच नाही, तुम्हाला फरक वाटतो तो त्यामुळेही. लेव्हल कमी झाली की बोअरचं पाणी ओततात. दोन उन्हाळ्यांत ५० चं २० होतं आणि आपल्या भागातल्या जड पाण्याचा पांढरा थर नळ्यांत बसतो, तो वेगळाच. नागपुरात हे खपून जातं, कारण गाडी तासभराच्या आत थांबते.

खपून जायचं म्हणा. समृद्धी झाल्यापासून मे महिन्यात माझ्याकडे वेगळ्याच गाड्या येतात. शिवमडक्याहून चढले, १२० ला लावली, एसी फुल, आणि साडेचार तासांनी शिर्डी. हा प्रवास म्हणजे हैमाचाच रस्ता. अशा गिऱ्हाइकाच्या मॅन्युअलात ५डब्ल्यू-३० चालत असेल तर मी नागपुरातही तेच टाकतो, दहा हजारांऐवजी पाच हजार किलोमीटरला बदलतो, आणि कूलंटचा थेंब काचेवर टाकल्याशिवाय बॉनेट बंद करत नाही.